कंसांचा हिशेब: अनंत सूत्रांबद्दल खात्रीनं कसं बोलावं

सरकारी अर्जावर एक ओळ असते: ‘सोबत आधार कार्ड आणि रेशन कार्ड किंवा वीजबिल जोडावे.’ एखाद्यानं फक्त वीजबिल जोडलं तर चालेल का? ‘आधार आणि रेशन’ ही एक जोडी धरली आणि वीजबिल हा तिला पर्याय मानला, तर चालेल. ‘रेशन किंवा वीजबिल’ ही जोडी धरली, तर आधारशिवाय अर्ज परत येईल. खिडकीपाशी वाद घालून हा प्रश्न मिटवता येतो. तर्कशास्त्राला तो आधीच मिटवून ठेवावा लागतो, आणि त्यासाठी ते कंस वापरतं.

आधारसाठी p, रेशनसाठी q आणि वीजबिलासाठी r लिहू. ‘आणि’ला ∧, ‘किंवा’ला ∨, ‘जर-तर’ला → आणि नकाराला ¬ ही चिन्हं आहेत. आता एक वाचन ((p∧q)∨r) झालं आणि दुसरं (p∧(q∨r)). फक्त r खरं असेल तर पहिलं सूत्र खरं ठरतं, दुसरं खोटं. कंसांनी इथे काम चोख केलं. पण ही दोन छोटी सूत्रं झाली. पानभर लांबीचं, शेकडो कंसांचं सूत्र समोर आलं, तरी त्याचं वाचन एकच असेल याची खात्री कोण देणार? सूत्रं अनंत आहेत, त्यामुळे एकेक तपासून हे काम कधीच संपणार नाही.

ही खात्री सूत्रं तयार कशी होतात यातूनच मिळवता येते.

सूत्र म्हणजे काय, हे आधी ठरवू

चिन्हांची कुठलीही रांग म्हणजे सूत्र नव्हे. नियमात बसणाऱ्या रांगेलाच सुघटित सूत्र म्हणतात. नियम तीन आहेत. पहिला: p, q, r यांसारखं एकटं अक्षर हे सूत्र आहे. दुसरा: A आणि B ही सूत्रं असतील, तर (¬A), (A∧B), (A∨B) आणि (A→B) हीसुद्धा सूत्रं आहेत. तिसरा: या दोन नियमांनी जे तयार होतं तेवढंच सूत्र, बाकी काही नाही.

तिसरा नियम वाचताना औपचारिक वाटतो, पण पुढची सगळी सिद्धता त्याच्यावर उभी आहे. त्याच्यामुळे प्रत्येक सूत्राला एक जन्मकथा मिळते, आणि ती मोजक्या पायऱ्यांची असते. ((p∧q)→(¬r)) या सूत्राची कथा अशी: p, q, r ही अक्षरं; मग (p∧q); मग (¬r); आणि शेवटी या दोघांना जोडून पूर्ण सूत्र.

आता समजा, एखादा गुण सर्व सूत्रांत आहे असं दाखवायचं आहे. दोनच गोष्टी तपासायच्या. एक, तो गुण एकट्या अक्षरांत आहे. दोन, तो A आणि B मध्ये असेल तर त्यांच्यापासून बनवलेल्या चारही सूत्रांत उतरतो. एवढं झालं की काम संपलं. कारण एखाद्या सूत्रात तो गुण नसेलच, तर त्याच्या जन्मकथेत पहिल्यापासून बघत जा. कुठेतरी तो पहिल्यांदा हरवलेला सापडायला हवा. पण ती पायरी अक्षराची असू शकत नाही, कारण अक्षरांत तो आहेच. जोडणीचीही असू शकत नाही, कारण तिच्या आधीच्या घटकांत तो होता आणि जोडताना तो हरवत नाही. म्हणजे तो कुठेच हरवलेला नाही.

राज्य मंडळाचा कनिष्ठ महाविद्यालयाचा गणिताचा अभ्यासक्रम केलेल्यांनी विगमन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडचं ‘इंडक्शन’, संख्यांवर केलेलं असतं: विधान 1 साठी खरं, आणि n साठी खरं असेल तर n + 1 साठीही खरं. इथली पद्धत तीच आहे, फक्त वाट एकपदरी नाही. संख्येच्या मागे एकच संख्या असते. सूत्राच्या मागे कधी एक सूत्र असतं, कधी दोन, आणि पुढे जायचे मार्ग चार आहेत. म्हणून पायरीही चार प्रकारे तपासावी लागते. याला रचनेवरचं विगमन म्हणता येईल.

कंस मोजू या

पहिला गुण साधा आहे: प्रत्येक सूत्रात उघडते आणि मिटते कंस सारखेच असतात. अक्षरात दोन्ही शून्य. (¬A) मध्ये A चे कंस सारखे, त्यात एक उघडता आणि एक मिटता वाढला, म्हणजे पुन्हा सारखे. (A∧B) मध्ये A चे सारखे, B चे सारखे, वर एकेक वाढला. ∨ आणि → यांच्या बाबतीत नुसतं मधलं चिन्ह बदलतं, हिशेब तोच राहतो. संपलं.

पण एवढ्यानं वाचन एकच असल्याची खात्री होत नाही. त्यासाठी हे हवं की, एखादं सूत्र डावीकडून वाचताना मध्येच थांबलं, तर हाती आलेला अर्धवट तुकडा स्वतः कधीच पूर्ण सूत्र नसतो. हे सरळ रचनेवरच्या विगमनानं सिद्ध करायला गेलं तर गाडी अडते. समजा, (A∧B) चा एखादा अर्धवट तुकडा स्वतः सूत्र निघाला, आणि त्या सूत्रातला पहिला घटक C आहे. C हा A पेक्षा आखूड असेल, तर तो A चा अर्धवट तुकडा झाला, आणि A बद्दलच्या गृहीतकानं तो सूत्र असूच शकत नाही. पण C हा A पेक्षा लांब असेल तर? A बद्दलचं गृहीतक A च्या आतल्या तुकड्यांबद्दल बोलतं, बाहेर गेलेल्या C बद्दल ते गप्प बसतं.

अशा वेळी मागणी कमी न करता उलट वाढवायची. म्हणायचं असं: सूत्राच्या प्रत्येक अर्धवट तुकड्यात उघडते कंस मिटत्यांपेक्षा जास्त असतात. हे विधान आधीच्यापेक्षा जड आहे, तरी सिद्ध करायला सोपं जातं, कारण विधान जड झालं की गृहीतकातूनही जास्त हाती लागतं.

करून पाहू. एकट्या अक्षराला अर्धवट तुकडाच नाही, त्यामुळे तिथे तपासायला काही उरत नाही. (A∧B) घेऊ आणि कुठे कुठे थांबता येतं ते पाहू. पहिल्या कंसावर थांबलो तर उघडता एक, मिटता शून्य. A च्या मध्ये थांबलो, तर A च्या त्या तुकड्यात गृहीतकानुसार उघडते जास्त, वर बाहेरचा एक. A पूर्ण झाल्यावर थांबलो, तर A चे कंस सारखे हे आपण आधीच सिद्ध केलंय, म्हणजे बाहेरचा एक शिल्लक. ∧ नंतर थांबलो तरी तेच. B च्या मध्ये थांबलो तर B चा तुकडा उघडत्यांच्या बाजूनं झुकलेला, वर बाहेरचा एक. B संपल्यावर पुन्हा बाहेरचा एक शिल्लक. तो शेवटच्या मिटत्या कंसानंच फिटतो, पण तो घेतला की तुकडा अर्धवट राहत नाही. ∨, → आणि (¬A) यांचं याच रीतीनं होतं.

पूर्ण सूत्रात कंस सारखे आणि अर्धवट तुकड्यात उघडते जास्त, म्हणून अर्धवट तुकडा कधीच सूत्र नसतो. आता मूळ प्रश्न. एकच रांग (A∧B) म्हणूनही वाचता येते आणि (C→D) म्हणूनही, असं समजा. पहिला कंस बाजूला केला की A आणि C एकाच जागेपासून सुरू होतात. त्यांची लांबी वेगळी असेल तर एक दुसऱ्याचा अर्धवट तुकडा ठरेल, आणि ते अशक्य आहे. म्हणजे A आणि C एकच. मग त्यांच्या लगेच पुढचं चिन्हही एकच असायला हवं. ते एकदा ∧ आणि एकदा → असू शकत नाही. नकाराशीही गोंधळ होत नाही. (¬A) मध्ये कंसानंतर लगेच ¬ येतं, आणि आपल्या नियमांत कुठलंच सूत्र ¬ नं सुरू होत नाही. वाचन एकच.

या सिद्धतेतून एक कामाची युक्तीही मिळते. ((p∧q)→(¬r)) डावीकडून वाचत उघडत्या कंसाला एक मिळवा, मिटत्याला एक वजा करा. आकडे असे येतात: 1, 2, मग p, ∧, q वर 2 च, मिटत्या कंसावर 1, → वर 1, पुढच्या कंसावर 2, ¬ आणि r वर 2, मग 1 आणि शेवटी 0. ज्या चिन्हावर आकडा 1 आहे ते → म्हणजे सूत्राचा मुख्य सांधा. मुख्य सांधा दोन घटकांना जोडणारा असो की नकाराचा, तो नेमका 1 या आकड्यावरच भेटतो.

पायरी कुठे मोडते

या पद्धतीत नेहमीची फसगत म्हणजे चारपैकी एखादा मार्ग तपासायचा राहून जाणं. उदाहरणार्थ हा दावा घ्या: सगळी अक्षरं खरी असतील तेव्हा प्रत्येक सूत्र खरं असतं. अक्षर खरं. A आणि B खरी असतील तर (A∧B), (A∨B), (A→B) तिन्ही खरी. इथेच थांबून ‘सिद्ध झालं’ म्हणणारा फसतो, कारण चौथ्या मार्गावर A खरं असताना (¬A) खोटं होतं. दावा चुकीचा आहे, आणि (¬p) हे त्याचं सर्वांत छोटं उदाहरण.

मात्र मोडलेली पायरी फेकून द्यायची नसते. ¬ वापरायचंच नाही असं ठरवलं, तर तीन मार्ग उरतात आणि तिन्ही तपासून झालेत. म्हणजे ∧, ∨ आणि → एवढ्यांनीच बनलेलं प्रत्येक सूत्र, सगळी अक्षरं खरी असताना खरंच असतं. आणि (¬p) तर p खरं असताना खोटं असतं. म्हणून या तीन चिन्हांतून कितीही लांबलचक सूत्र रचलं, तरी त्यातून ‘p नाही’ हे कधीच म्हणता येणार नाही. ‘हे अशक्य आहे’ असं अनंत प्रयत्नांबद्दलचं विधान अशा रीतीनं तीन छोट्या तपासण्यांत सिद्ध होतं.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवायला हवी. ही पद्धत ‘सूत्र असेल तर हा गुण असतो’ एवढंच सांगते. गुण आहे म्हणून ते सूत्रच असेल, असं नाही. (pq) ही रांग पाहा. कंस सारखे आहेत, प्रत्येक अर्धवट तुकड्यात उघडते जास्त आहेत, तरी ते सूत्र नाही, कारण p आणि q यांना जोडणारं काही मध्ये नाही. कंसांचा हिशेब चुकला तर रांग नक्की बाद होते. हिशेब जुळला, तर ती सूत्र आहे की नाही हे ठरवायला तिची जन्मकथा मांडून दाखवावीच लागते.