चाव, रामराम आणि जोहार

या अंकासाठी मी एक छोटी गोष्ट लिहिली होती. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नवे यंत्र बसवायला इटलीहून एक तंत्रज्ञ येतो. त्याच्या हाताखाली कल्याणचा एक तरुण हेल्पर दिलेला असतो. पहिल्या दिवशी सकाळी हा साहेब शेडमध्ये शिरतो आणि हसून म्हणतो, "चाव!" आमच्या नायकाला वाटते, काहीतरी चावायला सांगतो आहे. शेजारचा मुलगा त्याला शहाणपण शिकवतो, "अरे, चाव म्हणजे बाय. कॉलेजात जाताना म्हणतात." झाले! साहेबाने येताक्षणीच आपल्याला घरी पाठवले अशी समजूत करून घेऊन नायक पिशवी उचलतो आणि डोंबिवली स्टेशन गाठतो. दुसऱ्या दिवशी खुलासा होतो, की इटालियन माणूस येतानाही चाव म्हणतो आणि जातानाही.

गोष्ट कल्पित आहे. ती वाचून आमच्या सरांनी एकच प्रश्न विचारला, "येण्याला आणि जाण्याला एकच शब्द कसा चालेल?" त्याचे उत्तर शोधता शोधता गोष्ट राहिली बाजूला आणि हा लेख झाला.

चाव हा शब्द मूळचा व्हेनिस शहराच्या बोलीतला. तिथे पूर्वी लोक एकमेकांना भेटताना किंवा निरोप घेताना 'मी आपला दास' अशा अर्थाचे वाक्य म्हणत. त्यातला दास या अर्थाचा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'स्क्लावुस'पासून आला. स्लाव्ह लोकांना पकडून गुलाम म्हणून विकत, म्हणून त्या जमातीचे नावच गुलामाचे नाव झाले. इंग्रजीतला 'स्लेव्ह' हा याच शब्दाचा भाऊ. बोलता बोलता वाक्य झिजले, 'मी' आणि 'आपला' गळून पडले आणि उरला तो झिजलेला 'चाव'. एकोणिसाव्या शतकात तो उत्तरेकडून इटलीभर पसरला.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर या मूळ वाक्यातच आहे. 'मी आपला दास' यात येणेही नाही आणि जाणेही नाही. त्यात फक्त दोन माणसांचे नाते सांगितले आहे, आणि नाते भेटतानाही सांगता येते, निघतानाही. ऑस्ट्रियात 'सेर्वुस' म्हणतात. तोही लॅटिनमधला, सेवक या अर्थाचा शब्द, आणि तोही दोन्ही वेळी चालतो. मात्र चाव परदेशी गेला तेव्हा बहुधा अर्धाच गेला. अर्जेंटिनात आणि ब्राझीलमध्ये तो मुख्यतः निरोपाचाच शब्द आहे. आपल्याकडेही तसाच आला, म्हणून माझ्या नायकाची फसगत झाली.

मग ऐकणाऱ्याला कळते कसे? यासाठी इटलीला जायला नको, कल्याणच्या बाजारात उभे राहिले तरी पुरे. आपला 'रामराम' नेमका याच जातीचा आहे. भेटताना माणूस म्हणतो, "रामराम! काय म्हणता?" निघताना म्हणतो, "बरंय मग, रामराम." म्हणजे भेटीच्या रामरामाच्या पुढे प्रश्न येतो, निरोपाच्या रामरामाच्या आधी 'बरंय', 'चला', 'येतो' असा एखादा शब्द येतो. इटालियन माणूसही निघताना आधी 'बरं तर' अशा अर्थाचा शब्द टाकतो आणि बहुधा चाव दोनदा म्हणतो. माझ्या नायकाने हे पाहिले असते, तर साहेबाने हातातली पेटी खाली ठेवता ठेवता चाव म्हटले, एवढ्यावरूनच त्याला उलगडा झाला असता. जाणारा माणूस पेटी खाली ठेवत नाही! आणखी एक मर्यादा त्याला ठाऊक हवी. चाव हा बरोबरीच्या, ओळखीच्या माणसांचा शब्द आहे. अनोळखी वडीलधाऱ्याला इटलीत येताना 'बुओन्जोर्नो' आणि निघताना 'अर्रिवेदेर्ची' असे वेगवेगळे शब्द वापरतात.

गंमत अशी, की जो शब्द 'मी आपला दास' असे म्हणत होता, तोच आज बरोबरीचा शब्द झाला. चाव म्हणताना कुणाही इटालियन माणसाला गुलाम आठवत नाही. आपणही रजेच्या अर्जाखाली 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असे लिहितो, तेव्हा आज्ञा धारण करण्याचा विचार कुणाच्या मनात असतो? शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतो, नाण्यावरचे चित्र पुसावे तसा.

पण प्रत्येक शब्द असा गुळगुळीत होत नाही, आणि मला सांगायचे आहे ते हेच. आपल्याकडे अभिवादनही जातीप्रमाणे वाटलेले होते. 9 ऑगस्ट 1779 रोजी मुंबईच्या कंपनी सरकारने सोनार ज्ञातीला 'नमस्कार' हा शब्द वापरण्याची मनाई केली, पुण्याच्या सरकारला तक्रारीला जागा राहू नये म्हणून. हा हुकूम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लेखनात उद्धृत केला आहे. एका साध्या शब्दासाठी दोन सरकारे हलली!

महारांच्या वाट्याला आला होता 'जोहार'. चोखोबांच्या नावावर जोहाराचे अभंग आहेत, एकनाथांनी महाराच्या तोंडी जोहार घातला आहे. माझे आजोबा सांगतात, की ते लहान असताना त्यांचे वडील पाटलाच्या ओट्याखाली उभे राहून जोहार घालत. मी आजोबांना विचारले, "पाटील उलट काय म्हणायचे?" ते म्हणाले, "काय म्हणायचे? काम सांगायचे."

चाव आणि जोहार यांतला फरक मला त्या उत्तरात सापडला. व्हेनिसचा माणूस 'मी आपला दास' म्हणे, तेव्हा समोरचाही तेच म्हणू शकत असे. दोघेही एकमेकांचे दास म्हणजे कुणीच दास नाही. शब्द दोन्ही बाजूंनी फिरला की त्याची धार जाते. एकाच बाजूने जात राहिला तर ती तशीच राहते. म्हणून आंबेडकरी चळवळीत माणसांनी जोहार झिजण्याची वाट पाहिली नाही, तो टाकून दिला आणि 'जय भीम' घेतला. जय भीमला उत्तर जय भीमच. तोही भेटताना चालतो आणि निघतानाही.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या ज्या भागाचा 2014 साली पालघर जिल्हा झाला, तिथे आदिवासी बांधव एकमेकांना आज जोहारच म्हणतात आणि ताठ मानेने म्हणतात. शब्द तोच, पण तिथे जोहाराला जोहारानेच उत्तर मिळते. म्हणजे दोष शब्दाच्या अक्षरांत नव्हता, तो न मिळणाऱ्या उत्तरात होता.

हे समजल्यावर मी माझ्या गोष्टीचा शेवट बदलला. आधीच्या शेवटी नायक फक्त चावचा अर्थ शिकत होता. आता दुसऱ्या दिवशी साहेब "चाव" म्हणतो आणि नायक मोठ्याने उलट "चाव" म्हणतो. मुकादम चमकून पाहतो, कारण त्या शेडमध्ये साहेबाला कुणी त्याच्याच शब्दात उत्तर दिलेले नसते. संध्याकाळी गेटजवळ साहेब पेटी उचलतो. या वेळी आधी नायक म्हणतो, "चाव, चाव."