पदवी नाही, तर परिचयात काय लिहायचं?



शाळेत पाहुणा बोलवायचा असला की आपण त्याला चार ओळींचा परिचय मागतो. पदवीवाल्याचं काम सोपं असतं. पण जो हुन्नर स्वतः शिकला, तो बहुतेकदा "माझं शिक्षण फारसं नाही" अशीच सुरुवात करतो. इथेच परिचय पडतो.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण पाहू. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. तरी त्यांचा परिचय भक्कम वाटतो, कारण त्यात आधी काम येतं: भात, वाल, भाजीपाल्याचं गावरान बियाणं जपलं, घरी बियाणे बँक उभी केली. मग त्या कामाची दखल कोणी घेतली ते येतं: २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत नाव, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर. शाळेचा उल्लेख लपवलेला नसतो, फक्त तो पुढे येत नाही.

पण पद्मश्री सगळ्यांना मिळत नाही. मग साक्ष कुठून आणायची? समजा, पारनेरमध्ये विहिरीवरच्या मोटारी रिवाइंडिंग करणारा एक माजी विद्यार्थी आहे. त्याचा पहिला मसुदा असा:

"दहावीनंतर शिक्षण सुटले. मोटार दुरुस्तीचा खूप अनुभव. सर्व कामे खात्रीशीर."

यात तपासता येईल असं काहीच नाही. "खूप" म्हणजे किती? "खात्रीशीर" कोण म्हणतं? त्याला तीनच प्रश्न विचारा: नेमकं काय करतोस, कधीपासून, आणि खरं-खोटं कोण सांगेल? मग परिचय असा होतो:

"२०१६ पासून पारनेरमध्ये ३ ते १० एचपीच्या मोटारींचे रिवाइंडिंग. जळालेली वाइंडिंग काढण्यापूर्वी वेढे व तारेचा गेज मोजून वहीत नोंद. मोटार परत देण्यापूर्वी मेगरने इन्सुलेशनची तपासणी. दुरुस्तीची वही आणि जुन्या ग्राहकांचे फोन नंबर पाहायला मिळतील. हे काम स्वतः पाहून, करून शिकलो. शिक्षण दहावी."

दुसरा मसुदा खरा आहे का, हे ओळखायची सोपी खूण आहे. प्रत्येक वाक्यावर "दाखव बरं" म्हणा. वही निघाली, मेगर हातात घेऊन वापरता आला, तर वाक्य ठेवा; नाही निघाली, तर खोडा. जुन्या ग्राहकांचे नंबर देण्याआधी त्यांना विचारायला मात्र सांगा.

दोन मर्यादा सांभाळायच्या. "इंजिनिअर" हा शब्द लिहायचा नाही. एक खोटा शब्द बाकीच्या खऱ्या ओळींवरही संशय आणतो. आणि जिथे परवाना किंवा पदवी ही अटच असते, तिथे कितीही चांगला परिचय त्याची जागा घेत नाही. घराच्या वायरिंगच्या कामाला परवाना लागतो, तो वेगळा काढावाच लागतो.

पुढच्या वेळी पाहुण्याचा परिचय लिहून घेताना "शिक्षण" हा रकाना शेवटी ठेवून बघा.