आयजीएम व आयजीजी : संसर्गाचा काल ठरविण्यातील एक अडचण

शरीरात रोगजंतूचा प्रथम प्रवेश झाला म्हणजे साधारणतः आठवड्याभराने रक्तरसात आयजीएम वर्गाची प्रतिपिंडे आढळू लागतात. त्यानंतर एकदोन आठवड्यांत आयजीजी प्रतिपिंडे दिसू लागतात व ती वर्षानुवर्षे टिकतात. यावरून ‘आयजीएम म्हणजे नुकताच झालेला संसर्ग, आयजीजी म्हणजे जुना’ असा ठोकताळा रूढ झाला आहे. त्याचा पूर्वार्ध किती फसवा ठरू शकतो, हे टॉक्सोप्लाझ्मा या परोपजीवी जंतूच्या उदाहरणावरून दिसून येते. या संसर्गात आयजीएम कित्येकदा वर्षभर, क्वचित त्याहूनही अधिक काळ रक्तात राहते. शिवाय अन्य कारणांनीही चाचणी खोटी होकारात्मक येऊ शकते.

समजा, दहा आठवड्यांच्या गरोदर स्त्रीच्या रक्तात आयजीएम व आयजीजी ही दोन्ही आढळली. संसर्ग गर्भधारणेनंतरचा असेल तर गर्भास धोका आहे. त्यापूर्वी काही महिन्यांचा असेल तर, प्रतिकारशक्ती शाबूत असताना, तो नगण्य आहे. दोन्ही शक्यतांत अहवाल मात्र एकच येतो.

येथे आयजीजीची बंधनदृढता उपयोगी पडते. आरंभीची आयजीजी प्रतिजनास सैलपणे चिकटते. पुढे बी-पेशींची निवड होत जाऊन अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे निर्माण होतात. प्रयोगशाळेत प्रतिजनावर बसलेली आयजीजी यूरियाच्या द्रावणाने धुतात. सैल प्रतिपिंडे निघून जातात, घट्ट असलेली राहतात. धुतलेल्या व न धुतलेल्या नमुन्यांतील वाचनांचे गुणोत्तर हीच दृढतेची मोजणी होय. दृढता उच्च असल्यास संसर्ग गेल्या सुमारे सोळा आठवड्यांत झालेला नाही, असे म्हणता येते. गर्भावस्थेचे दिवस शेवटच्या पाळीपासून मोजत असल्याने या स्त्रीच्या गर्भधारणेस आठच आठवडे लोटले आहेत. म्हणजे उच्च दृढता आढळल्यास संसर्ग गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधीचा ठरतो.

तोच अहवाल तिसाव्या आठवड्यात आला असता, तर संसर्ग चौदाव्या आठवड्यापूर्वीचा एवढेच कळले असते. तो गर्भधारणेपूर्वीचा की नंतरचा, हे संदिग्धच राहिले असते. म्हणूनच ही चाचणी गर्भावस्थेच्या प्रारंभी अधिक मोलाची ठरते.

उलट, दृढता नीच असणे हा नव्या संसर्गाचा पुरावा नव्हे. काही व्यक्तींत ती अनेक महिने नीचच राहते. अशा वेळी दोनतीन आठवड्यांच्या अंतराने दुसरा नमुना घ्यावा व पहिल्याचा राखून ठेवलेला अंश त्याच्यासोबत एकाच वेळी तपासावा. आयजीजीच्या प्रमाणात ठळक वाढ दिसली, तर संसर्ग अलीकडचा मानावयास आधार मिळतो. सारांश, केवळ आयजीएमच्या अस्तित्वावरून काळाचा निर्णय करता येत नाही. तो आयजीजीच्या दृढतेवरून व तिच्या चढउतारावरून करावा लागतो.