पंचविशीचा वाढदिवस आणि ताईचा निरोप

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाचा पंचविसावा वाढदिवस बहुतेकदा मेसच्या ताटावरच साजरा होतो. मोबाइलवर मात्र सकाळपासून निरोप येत राहतात. ‘तुझा अभिमान आहे, आता साहेब होऊनच घरी ये.’ लिहिणाऱ्याच्या मनात मायाच असते, पण वाचणाऱ्याला त्यातली अट आधी दिसते.

ती अट इतकी का बोचते, हे राज्यसेवा परीक्षेची रचना पाहिली की कळतं. पूर्व, मुख्य आणि मुलाखत असे तिचे तीन टप्पे. पूर्व परीक्षेचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत, तिच्यातून फक्त मुख्य परीक्षेला बसता येतं. मुलाखतीपर्यंत पोहोचूनही यादीत नाव आलं नाही, तर पुढच्या खेपेला पुन्हा पूर्व परीक्षा. दोन-तीन वर्षं राबलेल्या मुलाकडे गावी दाखवायला कागदाचा एक तुकडाही नसतो.

खुल्या गटासाठी वयाची मर्यादा 38 आहे. म्हणजे नियमानं अजून 13 वर्षं हातात आहेत. घरचा हिशेब मात्र वेगळा चालतो. जुन्या आश्रमव्यवस्थेतही 25 वर्षांचं ब्रह्मचर्य संपलं की गृहस्थाश्रम सुरू होतो, आणि आजही पंचविशी लागली की नोकरीमागोमाग लग्नाचा विषय निघतोच.

समजा, अशा भावाला ताई निरोप लिहायला बसली आहे. मागच्या खेपेला त्याची मुख्य परीक्षा थोडक्यात हुकलेली. ‘यंदा नक्की होणार’ हे वाक्य ती लिहिते आणि खोडते, कारण निकाल दोघांच्याही हातात नाही. मग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं ती लिहू लागते:

‘पंचवीस पूर्ण झाली रे तुला! निकाल लागला त्या रात्री तू आईला आधी जेवायला लावलंस आणि मग सांगितलंस. तेव्हापासून तुझा फार अभिमान वाटतो. मित्रांचे पगार सुरू झाले, घरून पैसे मागताना तुझा आवाज बारीक होतो, ते मला कळतं. मार्चपर्यंत मेसचे पैसे मी पाठवते. पुढे काय करायचं ते तेव्हा दोघं बसून ठरवू. दुसरी नोकरी धरलीस तरी मला चालेल.’

यातला अभिमान घडून गेलेल्या गोष्टीचा आहे, त्यामुळे कोणत्याही निकालानं तो मागे घ्यावा लागत नाही. ताणाचंही नाव घेतलं आहे, आणि मदतीला मुदत असल्यामुळे भावाला ती घेताना ओशाळं वाटत नाही.

हा निरोप ताई घरच्या ग्रुपवर टाकत नाही. तिथे काका लगेच चुलतभावाच्या पॅकेजवर येतील. ती तो एकट्या भावाला पाठवते, रात्री साडेदहानंतर, अभ्यासिकेतून तो खोलीवर परतल्यावर.