स्क्रीनशॉट: कधी आणि कशासाठी?

मंडळी, ३ मार्च २०२३ ला आपल्या सिंदखेडराजा भागात बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं परीक्षेआधीच मोबाइलवर फिरली, आठवतं ना? तिथे मुख्य प्रश्न कॉपीराइटचा नव्हता, गुप्तता फोडण्याचा होता. त्यासाठी राज्यात १९८२ पासून वेगळा कायदा आहे.

आता ऑनलाइन चाचणी घ्या. समजा, एकच प्रश्नसंच एका तुकडीला ९ वाजता आणि दुसरीला ११ वाजता आहे. पहिल्या तुकडीतल्या मुलाने १० वाजता मित्राला स्क्रीनशॉट पाठवला. त्याला स्वतःला एकही गुण जास्त मिळत नाही, मग लबाडी कसली, असं त्याला वाटतं. पण दुसऱ्या तुकडीचे गुण आता खरे राहिले नाहीत. आपला पेपर संपला म्हणजे परीक्षा संपली, असं नसतं. म्हणून प्रश्न कधीपासून खुले होतील, ते शाळेने सूचनापत्रातच लिहावं.

पैसे भरून घेतलेल्या कोर्सचं गणित निराळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ स्वतःपुरत्या रास्त वापराला मुभा देतं. अभ्यासासाठी एखादी आकृती टिपली, तर ती त्यात बसू शकते. सगळे धडे टिपून ग्रुपवर टाकले, तर बसत नाहीत, फुकट वाटले तरी. पैसे आपण शिकण्याचे भरलेत, वाटण्याचे नाहीत. आणि अटींमध्येच स्क्रीनशॉटला मनाई असेल, तर? तिथे ‘मान्य’ वर बोट आपणच टेकवलेलं असतं. मग कॉपीराइट मोडो न मोडो, दिलेला शब्द मोडतोच.