वर्ग करण्याआधी चिन्ह बघा

−5 ही संख्या 2 पेक्षा लहान आहे, यावर कुणाचं दुमत होणार नाही. आता −5 < 2 या विधानाच्या दोन्ही बाजूंचा वर्ग करा. मिळतं 25 < 4. खरं विधान एका पायरीत खोटं झालं, आणि कागदावर कुठेही चुकल्यासारखं दिसत नाही. दोन्ही वर्ग बरोबर आहेत, चिन्हही जसंच्या तसं उतरवलं आहे. तरीही हाती आलेलं विधान खोटं आहे.

समीकरणं सोडवताना आपल्याला एक सवय लागलेली असते. जे डावीकडे करायचं तेच उजवीकडे केलं की बरोबरी टिकते. दोन संख्या समान असतील तर त्यांचे वर्गही समान असतात, यात शंका नाही. पण असमानता म्हणजे दोन संख्यांमधला लहान-मोठेपणा, आणि वर्ग करताना तो नेहमीच टिकतो असं नाही.

कारण अगदी साधं आहे. वर्ग केला की संख्येचं चिन्ह पुसलं जातं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीतल्या बीजगणिताच्या भागात हे स्पष्ट सांगितलं आहे: धन संख्येचा वर्ग धन येतो आणि ऋण संख्येचा वर्गही धनच येतो. म्हणून धन संख्येला दोन वर्गमुळं असतात, एक धन आणि एक ऋण. 25 समोर आले तर ते 5 चे आहेत की −5 चे, हे 25 कडे बघून सांगता येत नाही. वर्ग फक्त एवढंच लक्षात ठेवतो की संख्या शून्यापासून किती लांब होती. ती संख्यारेषेवर डावीकडे होती की उजवीकडे, हे तो विसरतो. लहान-मोठेपणा ठरतो तो मात्र या डाव्या-उजव्यावरच.

नेमकं काय बिघडतं, हे शाळेतल्या एका सूत्रातून दिसतं:

b² − a² = (b − a)(b + a)

समजा a < b आहे. मग b − a धन आहे. म्हणजे b² हा a² पेक्षा मोठा की लहान, याचा निकाल दुसऱ्या कंसावर, b + a वर, अवलंबून राहतो. बेरीज धन असेल तर असमानता टिकते. बेरीज ऋण असेल तर ती उलटते. बेरीज शून्य असेल तर दोन्ही वर्ग सारखेच येतात. −5 आणि 2 यांची बेरीज −3, म्हणून विधान उलटलं. −2 आणि 5 यांची बेरीज 3, म्हणून 4 < 25 हे खरंच राहिलं.

नुसत्या संख्या असतील तर ही बेरीज डोळ्यांसमोर असते. बाजूंमध्ये x आला की ती दिसत नाही, आणि खरी पंचाईत तिथेच होते. अकरावी-बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीत भेटतो तसा एक प्रश्न घेऊ:

√(x + 3) > x − 3

वर्गमूळ घालवायचं म्हणून हात आपोआप वर्ग करायला जातो. x + 3 > x² − 6x + 9, म्हणजेच x² − 7x + 6 < 0. अवयव पाडले की (x − 1)(x − 6) < 0, आणि उत्तर 1 < x < 6. पडताळा म्हणून x = 4 घेऊ. डावीकडे √7, म्हणजे सुमारे 2.65, आणि उजवीकडे 1. बरोबर. x = 2 घेतला तर डावीकडे √5 आणि उजवीकडे −1. तेही बरोबर. दोन-तीन किमती तपासून पाहिल्या की आपण निश्चिंत होतो.

आता x = −2 घालून बघा. डावीकडे √1, म्हणजे 1. उजवीकडे −5. 1 हा −5 पेक्षा मोठा आहे, म्हणजे −2 ही मूळ असमानतेची उकल आहे. पण आपल्या उत्तरात ती नाही. वर्ग करताना 1 > −5 या खऱ्या विधानाचं 1 > 25 हे खोटं विधान झालं आणि −2 उत्तरातून बाहेर पडली.

बरोबर रीत अशी. आधी वर्गमुळाखालची राशी बघायची: x + 3 ऋण चालणार नाही, म्हणून x ≥ −3. मग उजवी बाजू बघायची. x जोवर 3 पेक्षा लहान आहे तोवर x − 3 ऋण आहे. डावीकडचं वर्गमूळ तर कधीच ऋण नसतं. म्हणजे −3 ≤ x < 3 या संपूर्ण पट्ट्यात असमानता आपोआप खरी आहे, तिथे वर्ग करायची गरजच नाही. x ≥ 3 असेल तेव्हा दोन्ही बाजू शून्य किंवा धन असतात. तिथे वर्ग खुशाल करावा. त्यातून 1 < x < 6 मिळतं, आणि x ≥ 3 ही अट जोडली की 3 ≤ x < 6 उरतं. दोन्ही तुकडे एकत्र केले की खरं उत्तर येतं: −3 ≤ x < 6. घाईत केलेल्या वर्गाने −3 पासून 1 पर्यंतचा सगळा पट्टा गमावला होता, अगदी 1 सुद्धा.

त्या उत्तरातला 1 मुळात आला कुठून? x = 1 ला डावी बाजू 2 आहे आणि उजवी −2. दोन्हींचे वर्ग समान आहेत, पण त्या बाजू समान नाहीत. मूळ प्रश्नात 1 पाशी काहीच बदलत नाही. ती सीमा वर्ग करण्यातून तयार झाली आहे.

आता हाच प्रश्न उलटा करू: √(x + 3) < x − 3. वर्ग केला की x < 1 किंवा x > 6 असं उत्तर येतं. खरं उत्तर फक्त x > 6 आहे. x = −2 ला 1 < −5 हे खोटं आहे, पण वर्ग केल्यावर 1 < 25 हे खरं ठरतं. x = −10 घेतला तर वर्गमुळाखाली −7 येतात आणि वास्तव संख्यांमध्ये प्रश्नालाच अर्थ उरत नाही, तरी वर्ग केलेलं विधान त्यालाही आत घेतं. आधी उत्तरं हरवली होती, इथे नको ती शिरली.

हा फरक योगायोगाचा नाही. पुढे जाताना, म्हणजे a < b वरून a² < b² म्हणताना, लहान बाजू ऋण नाही याची खात्री हवी. ती खात्री असेल तर एकही उत्तर हरवत नाही. मागे येताना, म्हणजे a² < b² वरून a < b म्हणताना, मोठी बाजू ऋण नाही याची खात्री हवी. ती असेल तर एकही खोटं उत्तर शिरत नाही. पहिल्या प्रश्नात मोठी बाजू वर्गमुळाची होती, म्हणून काही शिरलं नाही. पण लहान बाजू x − 3 ऋण होऊ शकत होती, म्हणून हरवलं. दुसऱ्या प्रश्नात नेमकं उलट झालं. दोन्ही बाजू शून्य किंवा धन असतील तर दोन्ही खात्र्या एकदम मिळतात आणि वर्ग करणं पूर्ण सुरक्षित असतं.

समीकरणांपेक्षा असमानतेत जास्त सावध राहायला हवं, ते याच कारणाने. √(x + 3) = x − 3 या समीकरणाचा वर्ग केला तर x = 1 आणि x = 6 अशी दोन उत्तरं येतात. मूळ समीकरणात घालून पाहिलं की 1 गळतो आणि 6 उरतो. समीकरणाचा वर्ग करताना फार तर खोटं उत्तर शिरतं, खरं कधी हरवत नाही, म्हणून शेवटचा पडताळा पुरतो. असमानतेत खरं उत्तर हरवू शकतं, आणि हाती आलेली उत्तरं कितीही तपासली तरी हरवलेल्याचा पत्ता लागत नाही.

म्हणून वर्गाला घाबरायचं असं नाही. √5 + √6 मोठं की √3 + √8? दोन्ही बाजू धन आहेत, तेव्हा बिनधास्त वर्ग करा. एकीकडे 11 + 2√30, दुसरीकडे 11 + 2√24. डावी बाजू मोठी, वाद मिटला. केवलमूल्यांच्या बाबतीतही काळजी नाही, कारण ती कधी ऋण नसतात. |x − 2| < |x + 4| चा वर्ग केला की x² तोडला जातो आणि x > −1 हे अचूक उत्तर मिळतं. 2 आणि −4 यांच्या बरोबर मध्ये −1 आहे, आणि त्याच्या उजवीकडचा प्रत्येक बिंदू 2 ला जवळचा आहे.

हा विषय परीक्षेपुरता नाही. संगणकावर आकृत्यांचं काम करणारे प्रोग्रॅमर वर्गमूळ काढायचा वेळ वाचावा म्हणून अंतरांऐवजी अंतरांच्या वर्गांची तुलना करतात. अंतर ऋण नसतं, म्हणून दोन अंतरांची अशी तुलना निर्धोक आहे. पण r त्रिज्येचं वर्तुळ R त्रिज्येच्या वर्तुळाच्या पूर्ण आत आहे का, हे तपासायचं असेल तर केंद्रांमधलं अंतर d घेऊन d < R − r ही अट लागते. तिचा वर्ग करून d² < (R − r)² लिहिलं आणि R = 2, r = 10, d = 3 असं उदाहरण आलं, तर 9 < 64 हे खरं आहे. प्रोग्रॅम सांगेल की 10 त्रिज्येचं वर्तुळ 2 त्रिज्येच्या वर्तुळात मावलं. मूळ अट 3 < −8 होती, आणि ती उघड खोटी आहे. इथे मोठी बाजू ऋण होती. वर्गाआधी R > r आहे का हे एका ओळीत तपासलं असतं तर हे टळलं असतं.

असमानता सोडवताना वर्गाच्या पायरीआधी एक ओळ न चुकता लिहा: या बाजू ऋण होऊ शकतात का, आणि x च्या कोणत्या किमतींना? होत नसतील तर पुढे चला. होत असतील तर त्या किमती वेगळ्या काढा आणि त्यांचा निकाल वर्ग न करता लावा. एवढी एक ओळ लिहिली, तर वर्गाच्या पायरीवर उत्तर हरवणार नाही आणि नको ते शिरणारही नाही.