कुंडीतले आले

आल्याची लागवड एप्रिल-मेमध्ये करतात. बेण्यासाठी दोन-तीन फुगीर डोळ्यांचा, बोटाएवढा तुकडा घेतात. काप सुकला की फूटभर खोल, रुंद तोंडाच्या कुंडीत तो डोळे वर ठेवून दोन इंच खाली लावतात. कंद आडवा पसरतो. तो उघडा पडला की माती-शेणखताची भर घालतात. सकाळचे कोवळे ऊन पुरते. दुपारच्या उन्हात पानांचे शेंडे करपतात. माती ओलसर हवी, पण पाणी साचले की कंद कुजतो. मग भर पावसाळ्यातच पाने पिवळी पडतात, कोंब ओढताच हातात येतो आणि बुडाशी घाण वास सुटतो. आठ-नऊ महिन्यांनी, थंडीत पाने वाळणे ही मात्र कंद तयार झाल्याची खूण. तेव्हा पाणी बंद करून दोनेक आठवड्यांनी कंद काढतात.